कार्डाचे दोन टक्के: कराच्या ओळीवर की ओळीखाली?

प्रश्न: बेळगावात शहापूरला आमचं साड्यांचं आणि तयार कपड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या खरेदीला क्रेडिट कार्ड घेतलं की बँक दोन टक्के कापते. म्हणून जीएसटीसह बेरीज झाल्यावर तिच्याखाली आम्ही 'कार्ड चार्ज २ टक्के' लिहून घेतो. हिशेबनीस म्हणतो, हे बँकेचे पैसे, यावर कर नाही. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, ही सेवा आहे, १८ टक्के लावा. कुणाचं ऐकू? चंदगड, गडहिंग्लजकडच्या गिऱ्हाइकांचं बिल वेगळं करावं लागतं का?

उत्तर: दोघांचंही ऐकू नका. तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेता ती रक्कम साडीच्या किमतीचाच भाग आहे. म्हणून ती कराच्या ओळीच्या वर लिहायची आणि तिला साडीचाच दर लावायचा. साडीला ५ टक्के, तर तिलाही ५ टक्के.

आधी हिशेबनिसांचं म्हणणं घेऊ, कारण बहुतेक दुकानांत तेच चालतं. बँक जे कापते ते तुमच्यापुढे मशीन ठेवल्याचं आणि पैसे खात्यात जमा केल्याचं शुल्क. तो करार तुमचा आणि बँकेचा आहे. बँकेचं करबीजक तुमच्या नावानं निघतं आणि त्या शुल्कावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट तुम्हीच घेता. गिऱ्हाइकानं बँकेकडून काही विकत घेतलेलं नाही आणि 'माझ्या वतीनं बँकेला द्या' असंही तुम्हाला सांगितलेलं नाही. दुसऱ्याच्या वतीनं केलेला खर्च किमतीतून वगळायला सीजीएसटी नियम ३३ आहे. पण त्यासाठी दुसऱ्यानं तुम्हाला तसा अधिकार दिलेला असावा लागतो, खर्च त्याच्यासाठी झालेला असावा लागतो आणि जेवढा झाला तेवढाच वसूल केलेला असावा लागतो. इथे यातलं काहीच नाही. बँकेच्या बिलाचं क्रेडिट आपण घ्यायचं आणि तोच खर्च गिऱ्हाइकाचा म्हणायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वहीत बसत नाहीत.

कायद्यात हे कलम १५ मध्ये येतं. कलम १५(२)(सी) सांगतं की मालाच्या विक्रीसंबंधी विक्रेत्यानं खरेदीदाराकडून घेतलेला आनुषंगिक खर्च, कमिशन आणि पॅकिंग धरून, मालाच्या मूल्यात मिळवायचा. नाव 'कार्ड चार्ज' द्या, 'बँक चार्ज' द्या किंवा 'सुविधा शुल्क' द्या, कर नावावरून ठरत नाही.

हिशेबनीस आणखी एक मुद्दा काढतील, तो आधीच निकालात काढतो. दोन हजार रुपयांपर्यंतच्या एका कार्ड व्यवहारावर बँकेच्या शुल्काला जीएसटी माफ आहे, हे खरं. पण ती माफी बँकेनं तुम्हाला दिलेल्या सेवेची. तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेता त्या रकमेला ती लागू नाही. पंधराशेच्या बिलावर तुम्ही तीस रुपये घेतलेत, तर त्या तीस रुपयांवर मालाच्या दरानं कर आहेच. माफीचा परिणाम इतकाच, की त्या छोट्या व्यवहारावर बँकेकडून तुम्हाला क्रेडिट मिळणार नाही.

आता १८ टक्के. नुसती 'कार्डाची सेवा' घ्यायला तुमच्या दुकानात कुणी येत नाही. साडी घेतली म्हणून कार्ड, कार्ड म्हणून शुल्क. मुख्य वस्तू साडी, तिच्या आधारानं आलेलं बाकी सगळं तिच्यामागे जातं. याला संयुक्त पुरवठा म्हणतात आणि कलम ८ प्रमाणे त्याला मुख्य वस्तूचा दर लागतो. सॉफ्टवेअरमध्ये शुल्काची वेगळी ओळ सेवेच्या कोडवर टाकली, की ८०० रुपयांवर ४० ऐवजी १४४ रुपये कर गिऱ्हाइकाकडून जातो. कर म्हणून घेतलेला पैसा सरकारात भरावाच लागतो (कलम ७६). म्हणजे गिऱ्हाईक विनाकारण जादा देतं आणि तुमच्या हाती काही उरत नाही.

आकड्यांत पाहू. चार साड्या, कर धरण्याआधीची किंमत ४०,००० रुपये. तुमच्या सध्याच्या पद्धतीत ५ टक्के कर २,०००, बेरीज ४२,०००, तिच्याखाली दोन टक्के म्हणजे ८४०. कार्डावर घेता ४२,८४० रुपये. आता शुल्क दोन टक्केच ठेवून फक्त ओळ वर न्या:

साड्या, ४ नग: ४०,०००
कार्ड सुविधा शुल्क: ८००
करपात्र मूल्य: ४०,८००
सीजीएसटी २.५ टक्के: १,०२०
एसजीएसटी २.५ टक्के: १,०२०
एकूण: ४२,८४०

गिऱ्हाइकानं दिलेली रक्कम पैशासकट तीच राहिली. टक्केवारी कराआधी लावा नाहीतर करानंतर, गुणाकार तोच होतो. म्हणून 'बिल वाढेल, गिऱ्हाईक तुटेल' ही भीती धरू नका. फरक आतल्या वाटणीत आहे. त्या ८४० मधले ८०० तुमचे आणि ४० सरकारचे. खाली लिहिल्यावर ते ४० रुपये तुमच्याकडे राहत होते, आणि तपासणीत तेच निघतात.

दोन टक्के घेऊन तुमचा खर्च पूर्ण भरून निघतो का? नाही. बँक ४२,८४० वर दोन टक्के कापते, म्हणजे ८५६ रुपये ८० पैसे. त्यावर १८ टक्क्यांनी १५४ रुपये २२ पैसे. खात्यात येतात ४१,८२८ रुपये ९८ पैसे. १५४ रुपये २२ पैसे क्रेडिटनं परत मिळतात, म्हणून तुमचा खरा खर्च ८५६ रुपये ८० पैसे आणि वसुली ८००. या बिलावर पूर्ण भरपाई हवी असेल तर शुल्क ८६० च्या आसपास लागेल. बँकेच्या शुल्कावरचा जीएसटीही गिऱ्हाइकाकडून काढायचा, असं काही दुकानांत करतात. तो खर्च तुमचा नाहीच, कारण त्याचं क्रेडिट तुम्ही घेता. ते करू नका.

क्रेडिट मिळण्यासाठी एक गोष्ट आजच तपासा. मशीन देणाऱ्या बँकेकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदलेला आहे का? चालू खातं उघडताना दिला होता म्हणून मशीनच्या नोंदणीतही तो गेलाच असेल, असं नाही. नोंद नसेल तर बँकेचं बीजक तुमच्या `GSTR-2B` मध्ये दिसत नाही, आणि तिथे न दिसलेलं क्रेडिट घेता येत नाही. वहीतही विक्री ४२,८४० चीच दाखवा, जमा झालेल्या ४१,८२८ रुपये ९८ पैशांची नव्हे. बँकेचं शुल्क खर्चात आणि त्यावरचा कर क्रेडिटमध्ये, अशी वेगळी नोंद करा. बँकेत आलेली निव्वळ रक्कम विक्री म्हणून लिहिली, की उलाढाल आणि कर दोन्ही कमी दिसतात.

साड्यांबरोबर तयार कपडेही असतील, तर बिल जरा नाजूक होतं. साडी हे न शिवलेलं कापड, ती कितीही महाग असली तरी ५ टक्के. तयार कपड्याला २२ सप्टेंबर २०२५ पासून नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. समजा एकाच बिलात ३०,००० च्या साड्या आणि १०,००० ची शेरवानी आहे. शुल्काचे ८०० रुपये एका दरात टाकायचे नाहीत, मूल्याच्या प्रमाणात वाटायचे: साड्यांकडे ६००, शेरवानीकडे २००. म्हणजे ३०,६०० वर ५ टक्क्यांनी १,५३० आणि १०,२०० वर १८ टक्क्यांनी १,८३६. एकूण ४४,१६६ रुपये. सगळं शुल्क ५ टक्क्यांत ढकललं तर शेरवानीच्या वाट्याचा कर कमी भरला जातो.

याहून मोठा खड्डा अडीच हजारांच्या काठावर आहे, आणि तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कुर्ता २,४८० रुपयांचा. ५ टक्क्यांनी कर १२४, बिल २,६०४. आता त्यावर दोन टक्के शुल्क लावलंत तर ४९ रुपये ६० पैसे मिळून नगाची किंमत २,५२९ रुपये ६० पैसे होते. शुल्क किमतीचा भाग असल्यामुळे नग अडीच हजारांच्या पार गेला आणि दर १८ टक्क्यांवर. कर ४५५ रुपये ३३ पैसे, बिल २,९८४ रुपये ९३ पैसे. पन्नास रुपये वसूल करायला गिऱ्हाइकाला ३८० रुपयांचा फटका. म्हणून कराआधी २,४५१ ते २,५०० रुपयांच्या तयार कपड्यावर कार्ड शुल्क लावूच नका. बिलिंगला बसणाऱ्या मुलाला हे आकडे लिहून द्या.

टॅली वापरत असाल तर शुल्काचं लेजर 'उत्पन्न' गटात उघडा आणि त्यात असं ठेवा:

```
Include in assessable value calculation for : GST
Appropriate to      : Goods
Method of calculation : Based on Value
```

यामुळे शुल्क मालाच्या किमतीत मिसळतं, दर मालाचाच घेतं आणि मिश्र बिलात प्रमाणात वाटलं जातं. बिल करताना हे लेजर कराच्या लेजरच्या आधी घ्या. नंतर घेतलं तर बेरजेखालीच जाऊन बसतं आणि मूळ चूक परत होते. झालं की नाही हे ओळखायची खूण सोपी: छापलेल्या बिलात करपात्र मूल्य ४०,००० दिसतंय की ४०,८००? महिन्याच्या शेवटी `GSTR-1` च्या एचएसएन सारांशातही पाहा. तिथे शुल्क साडीच्या कोडखाली मिसळलेलं हवं, सेवेचा वेगळा कोड दिसायला नको.

आता सीमेपलीकडचं गिऱ्हाईक. चंदगडचा माणूस तुमच्या दुकानात येऊन, साडी हातात घेऊन गेला, तरी आता कर कर्नाटकाचा की आंतरराज्य हे बिलावरच्या पत्त्यावर ठरतं. जीएसटी नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकासाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(सीए) प्रमाणे बिलावर त्याचा पत्ता नोंदला असेल तर पुरवठ्याचं ठिकाण तेच. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता नोंदला असं धरतात. पत्ता नसेल तर ठिकाण तुमच्या दुकानाचं, म्हणजे कर्नाटक. तेव्हा बिलावर 'मु. चंदगड, महाराष्ट्र' लिहिलंत की वरच्या ४०,८०० वर सीजीएसटी-एसजीएसटी नाही, ५ टक्के आयजीएसटी २,०४०. बेरीज तीच, ४२,८४०. गोव्याच्या गिऱ्हाइकालाही हेच.

शुल्काचं वेगळं ठिकाण नसतं. माल आयजीएसटीत गेला की शुल्कही त्याच्याबरोबर. चूक होते ती अशी: शुल्काच्या लेजरला कुणीतरी आधीच सीजीएसटी-एसजीएसटी बांधून ठेवलेली असते. मग महाराष्ट्राच्या बिलात साडीला आयजीएसटी आणि ८०० रुपयांना कर्नाटकाचा कर लागतो, आणि एकाच बिलात तीन कर दिसतात. असं बिल हाती आलं तर लेजरची मांडणी चुकलीय हे नक्की समजा. वरची मांडणी केली तर हा घोटाळा होत नाही.

कराच्या पलीकडचा एक मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण त्याशिवाय उत्तर अपुरं राहील. कर बरोबर दाखवला म्हणून शुल्क घेणं योग्य ठरत नाही. डेबिट कार्डावर हे शुल्क गिऱ्हाइकाकडून घ्यायचं नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं आहे, की दुकानदारानं डेबिट कार्डाचं शुल्क गिऱ्हाइकावर ढकलू नये याची खात्री करा. त्यातच डेबिट कार्डाच्या शुल्काला मर्यादा आहे: वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर मशीनवर ०.४० टक्के, एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. त्यावर उलाढाल असेल तर ०.९० टक्के, जास्तीत जास्त १,००० रुपये. रुपे डेबिट कार्ड आणि भीम यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून शुल्कच नाही. कार्ड कोणतंही असो, सरसकट दोन टक्के लावत असाल, तर ज्यासाठी तुमच्या खिशातून काही जातच नाही त्याचेही पैसे तुम्ही घेताय. ते आज बंद करा.

क्रेडिट कार्डाच्या शुल्काला तशी मर्यादा नाही. तिथे तुमचा बँकेशी झालेला करार पाहावा लागतो. मशीन घेताना सही केलेले कागद काढा आणि 'सरचार्ज' हा शब्द शोधा. मनाई असेल तर गिऱ्हाइकाच्या तक्रारीवर बँक मशीन काढून घेऊ शकते. आणि मनाई असूनही घेतलेल्या रकमेवर कर द्यावाच लागतो, तो टळत नाही.

मला विचाराल तर शुल्काची ओळच काढून टाकणं बरं. छापील किमतीत दोन टक्के धरा आणि रोख किंवा यूपीआय देणाऱ्याला तेवढ्याच रकमेची सूट द्या. विक्रीच्या वेळीच बिलावर दाखवलेली सूट कलम १५(३) प्रमाणे मूल्यातून वजा होते, म्हणून तेवढा करही कमी लागतो. ४०,८०० ची किंमत, ८०० सूट, ४०,००० वर कर, बिल ४२,०००. कार्डवाल्याचं बिल ४२,८४०. आकडे वरचेच, पण आता कुणावर काही लादलेलं नाही आणि बँकेच्या कराराशीही भांडण नाही. सूट कराच्या वरच्या भागात दाखवा. कर लावून झाल्यावर खाली 'सूट ८४०' लिहिलं तर कर पूर्ण ४०,८०० वरच भरावा लागतो. मात्र रोखीला सूट देताना लग्नाची एकत्र खरेदी दोन लाखांच्या घरात जात नाही ना, ते पाहा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

दोन्ही पद्धतींत पैसे कसे देणार हे बिल काढायच्या आधी विचारावं लागतं. बिल छापलं आणि गिऱ्हाइकानं मग कार्ड काढलं, तर ते बिल रद्द करून नवं काढा, पेनानं खाली दोन टक्के लिहू नका. रद्द बिलाचा क्रमांक `GSTR-1` च्या दस्तऐवज तक्त्यात दाखवा. साडी परत आली तर क्रेडिट नोटमध्ये त्या साडीच्या वाट्याचं शुल्कही धरा. १०,००० ची साडी परत आली तर १०,२०० अधिक कर परत जातो.

राहिला मागचा हिशेब. आतापर्यंत बेरजेखाली घेतलेल्या रकमा कर धरूनच घेतल्या असं मानून नियम ३५ प्रमाणे त्यातला कर वेगळा काढा. साड्यांच्या बिलांत वर्षभरात समजा ६३,००० रुपये जमले असतील, तर ५ भागिले १०५ नं कर येतो ३,०००, आणि ६०,००० मूल्य. तयार कपड्यांच्या १८ टक्क्यांच्या बिलांसाठी १८ भागिले ११८. बिलांतून महिन्यावार बेरीज काढा, कर्नाटक आणि बाहेरची बिलं वेगळी ठेवा. चालू वर्षाचा कर पुढच्या `GSTR-3B` मध्ये, आणि `GSTR-1` मध्ये त्या महिन्यांची दुरुस्ती करा. मागच्या आर्थिक वर्षाची दुरुस्ती त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत चालते. त्याआधीच्या वर्षांचा कर `DRC-03` नं भरा. वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागेल. लपवाछपवी नसेल आणि नोटीस येण्याआधी स्वतःहून व्याजासह भरलंत, तर दंड लागत नाही. त्यामुळे पुढच्या लग्नसराईची वाट न पाहता हा हिशेब या महिन्यातच बसून करा.